नवरात्रातले नऊ दिवस आणि भावजींची बिडी

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. मी मंगळवार पेठेत राहते. घरात मी, हे, सासूबाई, दोन मुलं आणि माझे दीर. दीर ३८ वर्षांचे आहेत, बाविसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. चार वर्षांपासून क्लोझापिन चालू आहे, सकाळी १०० आणि रात्री २५०. त्या गोळीनं खूप सावरलेत. पण बिड्या दिवसाला तीसच्या घरात जातात. पैसे माझ्याकडं असतात, म्हणून बिड्याही मीच हिशेबानं देते. आंघोळ केली की दोन, गोळी घेतली की दोन, दूध आणून दिलं की एक. गेल्या नवरात्रात सासूबाईंनी अंबाबाईची शपथ घालून बिडी बंद केली. तिसऱ्या दिवशी नुसती तगमग, घरभर येरझाऱ्या. चौथ्या दिवशी यांनी आपल्या पुडीतली तंबाखू मळून दिली, ती चालूच ठेवली, तेव्हा शांत झाले. पण सहाव्या दिवसापासून दिवसभर झोपून, उशी लाळेनं भिजलेली, बोलणं जड. अष्टमीला न्हाणीत पडले. दसऱ्याला बिडी परत दिली आणि आठवड्याभरात होते तसे झाले. शेजारचे काका म्हणतात, "बिडी हेच त्याचं औषध आहे, कशाला सोडवताय?" पण आता जिना चढताना त्यांना दम लागतो, रात्री छाती वाजते. माझा भाचा १९ वर्षांचा, त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार, सांगितलाय. तोही म्हणतो, "मावशी, सिगारेटशिवाय माझा अभ्यासच होत नाही, माझ्या मेंदूची ती गरज आहे." हे खरं का? आणि भावजींची बिडी सोडवावी की नको?

— एक वहिनी, कोल्हापूर

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली तंबाखूच्या पुडीची ओळ मी तीनदा वाचली. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण उलगडा तिच्यातच आहे.

बघा, बिडी हे औषध आहे असं जेव्हा म्हणतात तेव्हा ते निकोटिनबद्दल बोलत असतात. चौथ्या दिवशी भावजींना तंबाखू मिळाली, म्हणजे निकोटिन मिळालं. आणि त्याप्रमाणे तगमग थांबलीही. मग पुढची झोप, लाळ, जड जीभ आणि न्हाणीतलं पडणं हे निकोटिन न मिळाल्यामुळं झालं असं म्हणता येणार नाही. निकोटिन तर दाढेत होतंच. नव्हता तो धूर.

क्लोझापिन आपल्या लिव्हरमध्ये मोडलं जातं. ते मोडणारं मुख्य एन्झाइम म्हणजे सीवायपी१ए२. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरात काजळीच्या जातीचे काही घटक असतात, त्यांच्यामुळं लिव्हर हे एन्झाइम जास्त तयार करतं. गुऱ्हाळावर चरक दुप्पट वेगानं फिरवला की ऊस साचत नाही, तसंच हे. रोज तीस बिड्या ओढणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्ये हा चरक कायम जोरात फिरत असतो आणि गोळीतलं औषध भराभर संपतं. डॉक्टरांनी ३५० चा डोस बसवला तो या धुरासकट. बिड्या थांबल्या की चरक मंदावतो. साधारण दीड दिवसात वाढलेला वेग निम्म्यावर येतो आणि आठवड्याभरात न ओढणाऱ्या माणसाइतका होतो. ऊस मात्र तेवढाच येत राहतो, गोळी रोज ३५० चीच. मग रक्तातलं क्लोझापिन दीडपट होतं, काहींच्यात त्याहूनही जास्त. म्हणजे सहाव्या-सातव्या दिवशी भावजींच्या अंगात जणू ५०० च्या पुढचा डोस होता आणि तो कुणी वाढवलेला नव्हता. दसऱ्याला बिडी सुरू झाली, चरक पुन्हा जोरात फिरू लागला, आठवड्यात औषध उतरलं आणि ते "होते तसे" झाले. बिडीनं आजार बरा केला नाही. तिनं फक्त जास्त झालेलं औषध जाळून टाकलं.

निकोटिनचा या एन्झाइमशी काही संबंध नाही. म्हणून मळलेली तंबाखू, मावा, निकोटिनची गोळी किंवा पट्टी, यातल्या कशानंही हा चरक फिरत नाही. आपल्याकडं हे विसरलं जातं. बिडी सोडून तंबाखूवर आलेला माणूस घरच्यांना "व्यसन तेच, फक्त रूप बदललं" असा दिसतो, पण क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तात तो बदल पूर्ण बिडी सोडल्याइतकाच मोठा असतो. ओलान्झापिन या गोळीलाही हेच लागू आहे, थोड्या कमी प्रमाणात. घरात कुणाची यांपैकी एक गोळी चालू असेल आणि तो माणूस ओढत असेल, तर बिडी सोडायच्या आधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

आता शेजारच्या काकांचं म्हणणं. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. आमच्या शास्त्रातही बरीच वर्षं हा विचार आहे की रुग्ण नकळत स्वतःच स्वतःवर उपचार करत असतो, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. एक प्रयोग सांगते. कानाशी अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं टिकटिक असे दोन आवाज करायचे आणि मेंदूच्या लहरी मोजायच्या. बहुतेकांचा मेंदू पहिल्या आवाजाला उत्तर देतो आणि दुसऱ्याकडं बराचसा काणाडोळा करतो. "तोच आवाज आहे, सोड." स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांच्या मेंदूला हे सोडणं जमत नाही, दुसरा आवाजही पहिल्याइतकाच आत येतो. कुकरची शिट्टी, गल्लीतला हॉर्न, शेजारचा टीव्ही, तुमची आणि सासूबाईंची बोलणी, सगळं एकाच मोठेपणानं. १९९० च्या दशकात असं दिसलं की सिगारेट ओढल्यावर काही वेळ हा फरक सुधारतो. काही वेळ म्हणजे मिनिटांच्या हिशेबात. नंतर पुन्हा पूर्वीसारखं. मेंदूतल्या ज्या जागी निकोटिन हे काम करतं, तिथंच काम करणारी वेगळी औषधं शोधून मोठ्या चाचण्या झाल्या, पण त्यातून अजून हाती लागेल असं औषध निघालं नाही. म्हणजे खिडकी खरी आहे, पण अगदी लहान.

दुसरं कारण जास्त साधं आहे. क्लोझापिन घेतलं की सकाळी डोकं जड असतं, अंग उठत नाही. बिडी ओढली की जरा जाग येते. ओढून ओढून औषधाची पातळी खाली राहिली की सुस्तीही कमी. रुग्णाला यातली रसायनं माहीत नसतात, पण अंगाला कळतं.

तिसऱ्या कारणात मात्र आपली फसगत होते. निकोटिन रक्तातून दोन तासांत निम्मं होतं. दिवसभर सतत ओढणाऱ्याच्या अंगात सारखी थोडी थोडी तूट पडत राहते आणि तिची चिडचिड, अस्वस्थता, मन न लागणं सुरू होतं. बिडी ओढली की हे सगळं जातं आणि माणूस म्हणतो, "बघा, बिडीनं मला शांत केलं." ती अस्वस्थता आधीच्या बिडीनंच आणलेली असते. चप्पल चावते म्हणून दर अर्ध्या तासानं काढून पाय मोकळा करायचा आणि म्हणायचं, चप्पल काढल्यानं केवढं सुख मिळतं! ज्यांनी खरोखर सोडली, त्यांची चिंता आणि उदासी सोडल्यावर काही आठवड्यांनी कमीच झालेली दिसते. हे मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही दिसलेलं आहे.

आणि हा "बिडी हेच औषध" विचार इतका पसरला त्याला एक वेगळा इतिहास आहे. अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांचे अंतर्गत कागद कोर्टकचेरीतून बाहेर आले तेव्हा कळलं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना धूम्रपानाची गरज असते, हे दाखवणाऱ्या संशोधनाला त्या कंपन्या पैसे देत होत्या, आणि मनोरुग्णालयांत धूम्रपानबंदी होऊ नये म्हणूनही हातभार लावत होत्या. काकांना हे माहीत असायचं कारण नाही. मलाही शिकताना कुणी सांगितलं नव्हतं. उलट मी शिकत होते त्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या रुग्णांना मदतनीस दुपारी दोन-दोन बिड्या वाटायचे, आणि मी ते वर्षभर बघितलं तरी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणून तुमच्या हिशेबाबद्दल बोलताना मी वरच्या पायरीवर उभी नाही. पण आंघोळीच्या दोन आणि गोळीच्या दोन, हा भावजींचा पगार झालाय. त्यांना दिवसभरात मिळणारी जवळजवळ एकमेव कमाई बिडीच आहे. ती काढून घेतली तर आंघोळ का करायची, दूध का आणायचं, याचं उत्तरच उरत नाही. जगभरच्या २० देशांतले ४२ अभ्यास २००५ साली एकत्र केले तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्यांतले सरासरी ६२ टक्के लोक ओढणारे निघाले. पण त्याआधी २००२ साली चेन्नईतल्या पुरुष रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात हा आकडा ३८ टक्के होता. आपल्या लोकांचे मेंदू वेगळे आहेत का? नाही. आपल्याकडं रुग्ण घरात राहतो, पैसा घरच्यांच्या हातात असतो, घर रोखतं. किंवा, तुमच्यासारखं, घर देतं. म्हणजे मेंदूतल्या खिडकीइतकीच घरातली रीतही मोठी आहे, आणि ती तुमच्या हातातली आहे.

तर सोडवावी का? सोडवावी. जिना चढताना दम आणि छातीतली घरघर यासाठी आधी फुप्फुसांची तपासणी करून घ्या, ती बिडी सुटेपर्यंत थांबवू नका. स्किझोफ्रेनिया असलेले लोक इतरांपेक्षा १५ ते २० वर्षं लवकर जातात आणि त्याचं मोठं कारण आवाज किंवा संशय नसून हृदय आणि फुप्फुसं हे आहे. फक्त शपथ घालून, एका रात्रीत आणि डॉक्टरांना न सांगता नको. शपथेबद्दल आणखी एक. ज्या माणसाला कानात आवाज येतात, त्याची देवीची शपथ मोडली की तो आवाज देवीचाही होऊ शकतो. सासूबाईंची माया मला कळते, पण हे त्यांना हळूच समजावा.

मी अशा घरांना कशी वाट सांगते ते भावजींच्याच उदाहरणानं लिहिते. आकडे तुमचे डॉक्टर बदलतील, बदलू द्या.

पहिले दोन आठवडे एकही बिडी कमी करायची नाही. फक्त पगार तोडायचा. बिड्या घड्याळावर द्यायच्या, कामावर नाही. सकाळी ठरल्या वेळी पाच, दुपारी पाच, असं काहीतरी. आंघोळ केली नाही तरी बिडी मिळते, केली तरी तेवढीच मिळते. गोळीचा आणि बिडीचा संबंध तर पूर्णच संपवायचा. कामाचं कौतुक दुसऱ्या कशानं तरी करा, तेही त्यांनाच विचारून. माझ्याकडं येणाऱ्या एका घरात रोजच्या दुधाच्या फेरीला पाच रुपये डब्यात पडायचे आणि शनिवारी त्यांची मिसळ. दुसऱ्या घरात संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर, पण भावाबरोबर, एकट्यानं नाही.

मग उतरायला सुरुवात. तीसवरून वीस, दोन-तीन आठवडे घेऊन. सकाळची पहिली बिडी उठल्यापासून अर्धा तास पुढं, मग एक तास. वीसच्या आसपास डॉक्टरांना विचारून निकोटिनचा पॅच सुरू करता येतो. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलीग्रॅमपासून सुरुवात होते. पॅच लावून थोड्या बिड्या ओढणं सुरू असलं तरी चालतं, उतरताना ते मुद्दामच करतात. जोडीला निकोटिनची च्युइंगम असते, २ आणि ४ मिलीग्रॅमची. ती चघळत राहायची नसते. दोन-चार वेळा चावली, झिणझिण आली, की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. तंबाखू दाढेत धरायची सवय असलेल्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही! गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलंच जात नाही आणि उचक्या लागतात. भावजींना लाळ जास्त सुटत असेल तर ते सगळं गिळून टाकतील, पोटात जळजळेल. अशांना मी पॅचवरच जास्त भर द्यायला सांगते.

आता खरी मेख. तीसवरून पंधरावर येईपर्यंत क्लोझापिनच्या पातळीत फारसं काही हलणार नाही, कारण सिगारेटवरच्या अभ्यासात असं दिसलंय की दिवसाला सात ते बारा सिगारेटी हा चरक पूर्ण वेगानं फिरवायला पुरेशा असतात. सगळा बदल शेवटच्या दहामध्ये होतो. घरचे म्हणतात, "अर्ध्या सुटल्या, काही त्रास नाही, आता उरलेल्या एकदमच टाकू", आणि तिथंच घसरतात. म्हणून दहाच्या जवळ आलात की पुढचं पाऊल डॉक्टरांना भेटूनच. शक्य असेल तर त्याआधी क्लोझापिनची रक्तातली पातळी तपासून घ्यायची. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. मग बिड्या पूर्ण थांबताना पहिल्या आठवड्यात डोस साधारण चौथ्या भागानं, टप्प्याटप्प्यानं खाली आणतात. भावजींच्या बाबतीत तो ३५० वरून ३२५, ३०० असं करत २७५ च्या आसपास येऊ शकतो. नंतर पुन्हा पातळी. हा डोस तुम्ही घरी कमी करायचा नाही, मी उदाहरण अशासाठी दिलं की डॉक्टरांनी गोळी कमी केली तर घाबरू नका. औषध कमी होत नाहीये, पूर्वीइतकंच राहावं म्हणून गोळी कमी होतेय. पॅच लावलाय म्हणून डोस तसाच ठेवायचा, असंही नाही. पॅचनं चरक फिरत नाही.

त्या दिवसांत काय बघायचं? तगमग, चिडचिड, भूक वाढणं, झोप न लागणं हे पहिल्या दिवसापासून सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि निकोटिन दिलं की उतरतं. ही तलफ. नवरात्रात तुम्ही ती अचूक पाहिलीत. औषध जास्त झाल्याची चिन्हं चौथ्या-पाचव्या दिवसापासून हळूहळू चढतात आणि निकोटिननं उतरत नाहीत. झोप, लाळ, उठताना चक्कर, जड बोलणं, छातीत धडधड, हाताला झटके. तीन दिवस शौचाला झालं नाही तर तेही डॉक्टरांना सांगा, क्लोझापिनमध्ये बद्धकोष्ठता ही किरकोळ तक्रार नसते. फिट आली किंवा भ्रम झाला तर थेट कॅज्युअल्टीत. आणि आजार उलटला तर आवाज, संशय, स्वतःशी पुटपुटणं, रात्र-रात्र जागणं, हे सहसा उशिरा आणि वेगळ्या रंगाचं येतं. पण नवरात्रात झालं ते "आजार उलटला" असं समजून कुणी डोस आणखी वाढवला असता तर? असं घडतं, मी पाहिलंय.

पत्रात तुम्ही चहाचं लिहिलेलं नाही, पण बिडीबरोबर चहा असतोच. चहातलं कॅफीनही याच चरकात मोडलं जातं. बिडी सुटली की तोच कप पूर्वीपेक्षा जास्त वेळ अंगात राहतो. दिवसाला आठ-दहा कप असतील तर बिडी सुटण्याच्या आठवड्यात ते निम्म्यावर आणा. नाहीतर रात्रीची झोप जाते, हात थरथरतात आणि सगळे म्हणतात, "बिडी सोडली म्हणून."

उलट्या बाजूनंही हेच लक्षात ठेवायचं. सोडलेली बिडी पुन्हा जोरात सुरू झाली तर क्लोझापिन आठवडा-दोन आठवड्यांत खाली घसरतं आणि आवाज परत येऊ शकतात. त्यामुळं पुन्हा ओढायला लागले तर त्यांना ते लपवावंसं वाटणार नाही असं घरातलं वातावरण ठेवा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा. एकदा सुटली आणि परत लागली, हा नियमच आहे, अपवाद नाही.

औषधांविषयी थोडक्यात. बिडी-सिगारेट सोडायला मदत करणारी व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. तिच्यामुळं मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ साली आठ हजारांवर लोकांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होता पण तो स्थिर होता. ही भीती त्यात खरी ठरली नाही आणि अमेरिकेत त्याच वर्षी तिच्यावरचा ठळक इशारा काढला गेला. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्यांना ती १२ आठवड्यांवर न थांबवता वर्षभर दिली तेव्हा, सुरुवातीला ज्यांची सुटली होती त्यांच्यातले ६० टक्के वर्षअखेर सुटलेलेच होते, आणि नुसती खोटी गोळी चालू असलेल्यांतले १९ टक्के. म्हणून या रुग्णांच्यात तीन महिन्यांत "झालं एकदाचं" म्हणून आधार काढून घेऊ नये. त्याच कामाची दुसरी गोळी, बुप्रोपिऑन, मात्र क्लोझापिनबरोबर मी टाळते. दोन्हींनी फिटचा धोका वाढतो.

आणि आशा किती ठेवायची, तेही सांगते. ब्रिटनमध्ये तीव्र मानसिक आजार असलेल्या ५२६ जणांना एका अभ्यासात घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांकडं मनोरुग्णांचं काम जाणणारा माणूस जायचा, गरज पडली तर घरी. एकदम सोडायची सक्ती नाही, हळूहळू कमी करू दिलं, घसरले तर पुन्हा बसवलं, गोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं ठेवलं. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या १४ टक्के लोकांची सुटली होती, नेहमीची मदत मिळालेल्यांत ६ टक्के. वर्षानं १५ आणि १० टक्के, म्हणजे अंतर कमी झालं. भावजींना दोन-तीन खेपा लागतील हे धरून चाला.

घरातली एक गोष्ट राहिली. यांची पुडी. भावजी उतरत असताना घरात मळलेली तंबाखू समोर नको. यांना सोडायला लावणं हा वेगळा विषय, पण पुडी घराबाहेर ठेवता येते. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, तिथं दोघांनी आपापल्या वेळेला फोन करावा. भावजींच्या फोनच्या वेळी तुम्ही जवळ बसा आणि क्लोझापिन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. रात्री-अपरात्री मनाच्या आजाराबद्दल काही विचारायचं झालं तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

भाच्याचं प्रकरण निराळं आहे, आणि त्याला भावजींचं उदाहरण अजिबात सांगू नका. एडीएचडी असलेली मुलं इतरांपेक्षा लवकर ओढायला लागतात आणि सोडायला जास्त जड जातं, हे खरं. निकोटिननं काही वेळ लक्ष लागतं, हेही खरं. पण त्याला जे "सिगारेटशिवाय अभ्यास होत नाही" वाटतं, त्यात मूळच्या विस्कळीत लक्षाचा भाग किती आणि मागच्या सिगारेटची तूट किती, हे तो आतून ओळखूच शकत नाही. त्याला एकच विचारा : एडीएचडीचा उपचार चालू आहे का, की नाव कळल्यावर सिगारेटवरच भागवतोय? उपचारानं लक्ष सुधारतं. मात्र मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी सुरू केली म्हणजे सिगारेट आपोआप सुटेल असंही नाही. एडीएचडी असलेल्या २५५ प्रौढांवरच्या चाचणीत त्या गोळीनं लक्ष सुधारलं, पण सिगारेट सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही. दोन उपचार लागतात, शेजारी शेजारी. आणि त्याच्यासाठी बेत करताना "लक्षात ठेव" या शब्दांवर काही टांगू नका. गम खिशात, पॅच ब्रशच्या शेजारी, अभ्यासाला पंचवीस मिनिटांचा गजर, आणि गजर वाजला की पानपट्टीची दिशा सोडून दुसरीकडं चालणं. परीक्षेच्या आठवड्यात सोडायला घेऊ नकोस म्हणावं. पहिल्या काही दिवसांत लक्ष आणखी कमी लागेल आणि तो म्हणेल, "बघ मावशी, सांगितलं होतं ना!"

भावजींच्या डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर इतकंच लिहून न्या. गोळ्या कुठल्या आणि किती, बिड्या किती, चहा किती, आणि नवरात्रात कुठल्या दिवशी काय झालं. त्या नऊ दिवसांची नोंद कुठल्याही तपासणीइतकी उपयोगी आहे. आणि क्लोझापिनसाठी दर महिन्याला पांढऱ्या पेशींचं रक्त देताय ना? बिड्या दहाच्या खाली येतील त्या आठवड्याची पुढची तारीख त्याच वेळी मागून ठेवा, म्हणजे पातळीसाठीचं रक्तही त्याच फेरीत देता येईल.